उकळत्या पाण्याचे १०० अंश निसर्गाने दिलेले नाहीत

फिरता मेसेज असा आहे: "गॅलिलिओने १५९३ मध्ये थर्मामीटर शोधला. फॅरेनहाइटने गावातल्या सर्वात थंड दिवसाला ० आणि स्वतःच्या तापाला १०० धरलं, म्हणून त्याची मोजपट्टी वेडीवाकडी आहे. सेल्सिअसने मात्र बर्फाला ० आणि उकळत्या पाण्याला १०० हे निसर्गाचेच आकडे घेतले, ते जगात कुठेही बदलत नाहीत. बॅरोमीटरचा याच्याशी काही संबंध नाही."

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात चुकीचं आहे, आणि ते दुरुस्त केलं की बाकीची आपोआप दुरुस्त होत जातात. तरी क्रमाने घेऊ.

गॅलिलिओकडे उपकरण होतं, पण आपण ज्याला थर्मामीटर म्हणतो ते नव्हतं. त्याच्या शिष्याने, कास्तेल्लीने, त्याचं वर्णन लिहून ठेवलंय: लहान अंड्याएवढा काचेचा फुगा आणि त्याला गव्हाच्या काडीइतकी बारीक, लांब मान. फुगा हातांनी गरम करायचा, मान पाण्याच्या भांड्यात उलटी बुडवायची आणि हात काढून घ्यायचे. आतली हवा गार होऊन आकसते आणि पाणी मानेतून वर चढतं. पुढे ऊब वाढली की पाणी खाली, थंडी वाढली की वर. अंशांची पट्टी यावर नव्हती. आकडे लावून मोजण्याचा उद्योग पदुआचा वैद्य सांतोरिओ आणि गॅलिलिओचा मित्र साग्रेदो यांच्या नावावर जातो, १६१२ च्या आसपास.

पण पट्टी लावली तरी एक खोट राहतच होती. भांडं उघडं होतं. बाहेरच्या हवेचा दाब एक टक्क्याने उतरला, तर आतली हवा तेवढीच फुगते आणि पाणी खाली सरकतं, जणू तापमान जवळजवळ तीन अंशांनी वाढलं. मुंबईत जानेवारी आणि जुलै यांच्या सरासरी दाबात साधारण एवढाच फरक असतो. म्हणजे हे यंत्र एकाच वेळी दोन गोष्टी मोजत होतं, आणि त्यातली दुसरी गोष्ट अस्तित्वात आहे याचीच वापरणाऱ्याला कल्पना नव्हती.

ती १६४४ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ तोरिचेल्लीने समोर आणली. एका टोकाला बंद असलेली काचेची लांब नळी पाऱ्याने भरायची, तोंड बोटाने दाबून पाऱ्याच्या वाडग्यात उलटी करायची. पारा सगळा खाली येत नाही, सुमारे ७६ सेंटीमीटर उंचीवर थांबतो. हाच बॅरोमीटर, म्हणजे वायुभारमापक. त्या वर्षी जूनमध्ये मित्र रिच्चीला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. हे वाक्य सगळे सांगतात. त्याच पत्रातली तक्रार कुणी सांगत नाही. हवा कधी जड, कधी हलकी होते ते दाखवणारं यंत्र त्याला हवं होतं, पण पाऱ्याची पातळी उष्णतेने आणि थंडीनेही बदलत होती, त्यामुळे हेतू साधला नाही, असं त्याने स्वतःच लिहिलंय. एका यंत्राला दाबाने छळलं, दुसऱ्याला तापमानाने.

पारा हवेच्या वजनानेच तोलला जातो हे पटवून दिलं ते फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालच्या मेहुण्याने. १९ सप्टेंबर १६४८ ला फ्लोरँ पेरिए क्लेर्माँमधून प्यूइ द दोमच्या माथ्यावर नळी घेऊन चढला. पारा साधारण साडेआठ सेंटीमीटरने उतरला. मला यात आवडते ती त्याची खबरदारी: तशीच दुसरी नळी खाली मठात ठेवून एका धर्मगुरूला दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला सांगितलं होतं. ती जागची हलली नाही. म्हणजे फरक त्या दिवसाच्या हवामानाचा नव्हता, उंचीचा होता.

तापमापकाची सुटका फ्लॉरेन्समध्ये झाली. १६५४ च्या सुमारास ग्रँड ड्यूक फर्डिनांड दुसरा याने मद्यार्क भरून नळी वरून वितळवून बंद करवली. आता बाहेरचा दाब आत शिरेना. पण प्रत्येक कारागिराचा अंश वेगळा, कारण सगळ्यांनी मान्य केलेल्या खुणा नव्हत्या.

इथे फॅरेनहाइट येतो, आणि त्याची टिंगल अन्यायाची आहे. सुरुवात त्याने केलीच नव्हती. कोपनहेगनचा खगोलशास्त्रज्ञ रोमर याच्या पट्टीवर वितळत्या बर्फाला साडेसात आणि शरीराला साडेबावीस होते. फॅरेनहाइटने त्याला १७०८ मध्ये गाठलं, आकड्यांची चौपट करून ३० आणि ९० केले, आणि पुढे त्याऐवजी ३२ आणि ९६ घेतले. अपूर्णांक गैरसोयीचे वाटतात, असं कारण त्याने दिलं. या दोहोंत ६४ चा फरक आहे. नळीवर तेवढी जागा सहा वेळा निम्मी केली की एक अंश हाती येतो, आणि निम्मं करणं हे कंपासने खुणा करणाऱ्याला सगळ्यात सोपं काम. १७२४ च्या लेखात त्याने तिन्ही खुणा सांगितल्यात: बर्फ, पाणी आणि नवसागर किंवा समुद्रमीठ यांचं मिश्रण म्हणजे ०, बर्फ आणि पाणी ३२, निरोगी माणसाच्या तोंडात किंवा काखेत ९६. थंड दिवस नाही, ताप नाही, १०० तर नाहीच. शून्याची खूण मात्र खरंच कच्ची होती. मिश्रणाचा प्रयोग उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात बरा जमतो हे त्यानेच नोंदवलंय. शरीराचा आकडा पुढे ९८.६ झाला तो पट्टीची खूण नंतर शरीराऐवजी उकळत्या पाण्यावर, २१२ वर, पक्की केल्यामुळे.

आणि १७२४ मध्येच त्याने आणखी एक लेख लिहिला: पाणी किती अंशांना उकळतं ते पाहून हवेचा दाब सांगणारं यंत्र. उत्कलनबिंदू दाबासोबत सरकतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सेल्सिअसलाही. उप्सालाच्या या खगोलशास्त्रज्ञाच्या १७४२ च्या लेखाचं खरं काम तेच आहे. बर्फ वितळण्याची खूण दाबाने हलत नाही आणि उकळण्याची हलते, हे त्याने प्रयोगांनी तपासलं, आणि म्हणून वायुभारमापकातला पारा अमुक उंचीवर असताना उकळणारं पाणीच खूण म्हणून चालेल, अशी अट घातली. ही अट गाळली की १०० ला अर्थ उरत नाही. सुमारे ५६० मीटर उंचीच्या पुण्यात पाणी ९८ च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरात ९५-९६ ला. आणि त्याची मूळ पट्टी आजच्या उलट होती: उकळत्या पाण्याला ० आणि बर्फाला १००. ती उलटी झाली १७४० च्या दशकातच. लिओंचा क्रिस्तँ आणि स्वीडनमध्ये लिनिअस यांची नावं त्यासाठी घेतली जातात.

मग हे जुळवलं कुणी? समित्यांनी. लंडनच्या रॉयल सोसायटीने कॅव्हेंडिशच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १७७७ मध्ये ठरवलं की उकळत्या पाण्यात थर्मामीटरचा फुगा बुडवू नये, तो वाफेत धरावा, आणि वायुभारमापक २९.८ इंचांवर असावा. पाण्यात का नाही, तर भांड्याच्या पृष्ठभागावर आणि खोलीवर अवलंबून ते अंशभर जास्त तापू शकतं. वाफ जास्त स्थिर असते. 'सेल्सिअस' हे नाव १९४८ मध्ये अधिकृत झालं, तोवर सेंटिग्रेड. १९५४ मध्ये पाण्याच्या उकळण्याची खूणच सोडून दिली गेली आणि पाणी, बर्फ आणि वाफ एकत्र नांदतात तो एकमेव बिंदू घेतला, ०.०१ अंश. आजच्या आंतरराष्ट्रीय पट्टीवर प्रमाणित दाबाला पाणी ९९.९७ च्या आसपास उकळतं.

उलट बाजूही तशीच आहे. पाऱ्याचा वायुभारमापक वाचणाऱ्याने आधी त्यालाच जोडलेला छोटा थर्मामीटर वाचायचा असतो. पारा गरमीत फुगतो. ३० अंशांच्या खोलीत ७६० मिलिमीटर दिसले, तर पितळी पट्टीचं फुगणं धरूनही जवळपास पावणेचार मिलिमीटर वजा करून तो आकडा शून्य अंशावर आणावा लागतो.