परदेशातून : मोदकांच्या ऑर्डरी आणि एक मोकळं उत्तर

"मावशी, मी तीन व्हॉट्सॲप ग्रुपांत आहे, महिन्यातून एकदा मीटअपलाही जाते. माझं काम सांगितलं की लोक गप्प होतात, आणि नाही सांगितलं तर मी काय करते हेच कुणाला कळत नाही. मग कामं मिळवायची कशी?"

हे मुलुंडच्या माझ्या भाचीचं बोलणं. ती छोट्या व्यवसायांच्या वेबसाइट बनवते, आणि हॅम्बुर्गला गेली चौदा वर्षं मी तेच करते, म्हणून तिनं मला विचारलं. मी पावसाळ्यात तीन आठवडे मुंबईला आले होते. जेवणाच्या टेबलावर तिनं हे काढलं आणि भाऊजींनी ताट बाजूला सारलं. त्यांनी तीस वर्षं विम्याचं काम केलंय. त्यांचं म्हणणं, ओळख झाली की पहिल्याच भेटीत काम सांगून टाकायचं. मराठी माणूस लाजतो आणि तिथेच मागे पडतो. शेजारच्या काकू बसल्या होत्या, त्यांना वाटलं प्रश्न फॉलोअर वाढवण्याचा आहे. त्यांच्या सुनेनं रोज रील टाकून केकचा धंदा कसा उभा केला, हे त्या बराच वेळ सांगत राहिल्या.

भाऊजींचं अर्धं मला पटतं. आपण काय करतो हे लोकांना माहीत असायलाच हवं. ग्रुपमध्ये पहिल्या दिवशी दोन ओळींत नाव, राहण्याचं ठिकाण आणि काम सांगावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्यांचं उरलेलं अर्धं ज्या काळातलं आहे, तेव्हा माणसाचा फोन नंबर मिळवायला कष्ट पडत. आज एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये १०२४ माणसं बसतात आणि प्रत्येकाचा नंबर समोर असतो. नंबर फुकट झाला, तशी त्यावरून आलेल्या जाहिरातीची किंमतही गेली.

जर्मनीत याच्या अगदी उलट आहे. तिथल्या अनुचित स्पर्धेविरुद्धच्या कायद्याचं कलम ७ सांगतं, की पूर्वसंमती नसताना जाहिरातीचा ईमेल पाठवणं हा त्रास देणं आहे, मग समोर ग्राहक असो की कंपनी. दुसऱ्या व्यावसायिकाला फोन करायचा, तर त्याला तो चालेल असं मानायला काहीतरी आधार लागतो. त्यामुळे तिथे नव्या माणसाला दारंच बंद वाटतात. उरतं काय, तर श्टामटिश, म्हणजे ठरलेल्या दिवशी ठरलेल्या टेबलावर जमणारी मंडळी, आणि फेराइन, म्हणजे आपल्याकडच्या मंडळासारखी संस्था, जी नोंदवायला किमान सात सदस्य लागतात. मी सायकल दुरुस्तीवाल्यांच्या आणि छोट्या दुकानदारांच्या अशा एका टेबलावर दर महिन्याला जाऊन बसायची. पहिलं काम मिळायला आठ महिने लागले. ते दिलं कुणी? ज्यांच्याशी माझी मैत्री झाली होती त्यांनी नाही. दोनदाच भेटलेल्या एका चष्मेवाल्यानं आपल्या मेहुणीला माझं नाव सांगितलं होतं.

हे नुसत्या नशिबाचं नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली नोकरी बदललेल्या लोकांबद्दल लिहिलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी साधारण १७ टक्के लोकच त्या ओळखीच्या माणसाला वरचेवर भेटत होते. बाकीच्यांच्या गाठीभेटी अधूनमधून किंवा क्वचितच होत. ते नोकरीबद्दल होतं, गिऱ्हाइकांबद्दल नाही, पण माझा अनुभव त्याच बाजूचा आहे. जवळची माणसं आपल्याच वर्तुळात फिरतात. लांबच्या माणसाकडे आपल्याला माहीत नसलेल्या गरजा असतात, आणि त्यानं आपलं नाव पुढे सांगावं यासाठी आपण काय करतो ते त्याला एका वाक्यात आठवायला हवं.

तर भाचीचं काय झालं ते सांगते. तिच्या तीन ग्रुपांपैकी एक वेबसाइटवाल्यांचाच होता आणि एक जुन्या कॉलेजचा. तिसरा घरगुती खाद्यपदार्थ करणाऱ्या बायकांचा, दादर-ठाणे पट्ट्यातला. गिऱ्हाईक खरं तर तिसऱ्यात होतं, आणि तिथेच तिनं पहिल्या आठवड्यात रंगीत जाहिरात टाकली होती, "वेबसाइटवर ५० टक्के सूट" अशी. ॲडमिननं ती काढली आणि जाहिराती फक्त शनिवारी, असा नियम दाखवला. त्यानंतर तिनं ग्रुपमधले नंबर उचलून बारा जणींना वेगळे मेसेज केले. दोघींनी तिला ब्लॉक केलं. माझ्या मते ती चूक सर्वांत वाईट होती, कारण ग्रुपमधली जाहिरात निदान उघड्यावर असते. नंबर उचलून घरात शिरलं की माणूस कायमचा सावध होतो.

मग मी तिला एवढंच सांगितलं की सहा आठवडे काही विकू नकोस. ग्रुपमध्ये तुझ्या कामाचा प्रश्न आला तरच बोल, आणि उत्तर तिथेच, सगळ्यांसमोर पूर्ण दे. "डीएम करा" असं लिहू नकोस, कारण ते उत्तर नसून गळ असतो, आणि वाचणाऱ्या शंभर जणींना ते कळतं.

गणपतीच्या आठ दिवस आधी तो प्रश्न आला. उकडीच्या मोदकांच्या आगाऊ ऑर्डरी घेणाऱ्या दादरच्या एका बाईंनी लिहिलं, "साइटवर लोक ऑर्डर देतात म्हणे, पण मला मेलच येत नाही. कालच एकीनं फोन करून ओरडलं, २१ मोदक कुठे आहेत म्हणून." भाचीनं मला आधी मसुदा पाठवला. त्यात सर्व्हर, डोमेन, नोंदी असं सगळं होतं. मी म्हटलं, त्या बाई आत्ता घाबरलेल्या आहेत, आधी त्यांची ऑर्डर वाचव. मग तिनं ग्रुपमध्ये लिहिलं ते साधारण असं: ऑर्डरी हरवलेल्या नाहीत, साइटमध्ये लॉगिन करून ऑर्डरी सांभाळणाऱ्या `WooCommerce` मध्ये `Orders` उघडा, सगळ्या तिथे दिसतील. आजपासून मोदक संपेपर्यंत सकाळ-संध्याकाळ ते पान बघा. मेल न येण्याचं कारण बहुधा हे, की साइट स्वतःच्या सर्व्हरवरून मेल पाठवते आणि जीमेल तो संशयानं बाजूला टाकतं, म्हणून स्पॅमही तपासा. कायमचा उपाय म्हणजे एसएमटीपीचं प्लगिन बसवून मेल तुमच्या खऱ्या मेलखात्यातून पाठवायचा आणि पाठवणाऱ्याचा पत्ता तुमच्याच डोमेनचा ठेवायचा.

खाली ना नंबर, ना लोगो. बाईंना न सापडलेल्या चौदा ऑर्डरी त्या पानावर सापडल्या. ठाण्याच्या एकीनं तेच वाचून प्लगिन स्वतः बसवलं आणि जमलं म्हणून कळवलं. भाची हिरमुसली, "बघ मावशी, फुकटात काम गेलं." मला तसं वाटत नाही. जी स्वतः करू शकते ती तुझी गिऱ्हाईक नव्हतीच, पण आता ती तुझं नाव सांगू शकते.

तिसऱ्या दिवशी दादरच्या बाईंनी खाजगीत विचारलं, "मला हे जमणार नाही, तू करून देशील का गं?" माझ्या दृष्टीनं सगळी गोष्ट या क्षणावर ठरते. विचारणा त्यांच्याकडून आली, त्यामुळे आता संकोच करणं चूक. अशा वेळी आपल्याकडे दोनच प्रकार दिसतात. एक तर "अहो काकू, करते की" म्हणून फुकट करायचं आणि मनात कुढायचं, नाहीतर लगेच वीस हजारांची नवी साइट पुढे करायची. बाईंनी मागितलेल्या कामाचंच उत्तर भाचीनं दिलं: प्लगिन, डोमेनच्या नोंदी आणि तीन चाचणी ऑर्डरी, दोन तासांचं काम, अडीच हजार रुपये, गणपतीआधी पूर्ण. बाई लगेच हो म्हणाल्या. दहा दिवसांनी तिनं एकच ओळ पाठवली, "मेल नीट येतायत ना?" दुसरं काही विचारलं नाही. दिवाळीच्या फराळासाठी अख्खी साइट नव्यानं करण्याची गोष्ट बाईंनी स्वतः काढली, सप्टेंबरच्या शेवटी.

अंधेरीच्या वर्डप्रेसवाल्यांच्या, म्हणजे वेबसाइट बनवणाऱ्यांच्या, मीटअपबद्दल भाऊजी म्हणाले होते, तिथे सगळे स्पर्धकच, जाऊन काय उपयोग. यावर त्यांना उत्तर मिळालं. तिथल्या एका जाणत्या माणसाकडे मोठ्या कंपन्यांची कामं असतात, पंधरा-वीस हजारांची कामं तो घेत नाही, आणि ती कुणाकडे तरी द्यावीच लागतात. तो भाचीला म्हणाला, "मी काम त्यालाच देतो, जो काय जमत नाही तेही सांगतो." मीटअपहून परतताना ती आता ट्रेनमध्येच वहीत तीन गोष्टी लिहिते: माणूस कोण, सध्या त्याचं काय अडलंय, मी काय पाठवायचं कबूल केलं. जे कबूल केलं ते दोन दिवसांत जातं, आणि त्यासोबत दुसरं काही जात नाही. कार्डं वाटून आलेल्या महिन्यात तिला कुणाचाच फोन आला नव्हता.

आपली गाडी भलतीकडे चालली आहे हे ओळखायचं कसं, असं तिनं नंतर विचारलं. माझी खूण अशी की समोरचा दुसरा प्रश्न विचारतो का ते बघायचं. "हो हो, नक्की, कळवतो" आणि अंगठा आला, म्हणजे आपण विकत होतो. "मग माझं हे पण असं का होतं?" आलं, म्हणजे बोलणं चालू आहे.

हॅम्बुर्गचं सगळंच चांगलं, असं मी म्हणणार नाही. तिथले आठ महिने मी साठवलेल्या पैशांवर काढले. मुंबईत भाडं दर महिन्याला द्यावं लागतं आणि एवढा धीर सगळ्यांना परवडत नाही. उलट मुंबईत ग्रुप तासातासाला जागा असतो, माणूस फोनवर दहा मिनिटांत ठरवतो, त्यामुळे माझ्या आठ महिन्यांचं इथे दोन महिन्यांत होऊ शकतं. शनिवारची जाहिरातही भाची आता टाकते, मी नको म्हणत नाही. ग्रुपनं स्वतः उघडून दिलेलं दार आहे ते.

एका बाबतीत मात्र माझ्याकडे उत्तर नाही. हॅम्बुर्गला माणूस पहिल्याच भेटीत किती घेणार विचारतो आणि दोघंही मोकळे होतात. इथे नात्याचा धागा आधी येतो. गेल्या आठवड्यात दादरच्या बाईंच्या नणंदेचा मेसेज आला, "वहिनींनी सांगितलं तू आपल्यातलीच आहेस, जरा आमची पण साइट बघ ना." भाऊजी म्हणतात, पहिलं फुकट कर, नाव होईल. मी म्हणते, पंधरा मिनिटं बघ आणि काय बिघडलंय तेवढं सांग, पुढचं दर सांगून. भाचीनं अजून उत्तर दिलेलं नाही.