मुद्दा पटवणं आणि माणूस पटवणं

मागच्या वर्षी बाबांना मी ऑपरेशनला तयार केलं. सगळे म्हणाले, "बरं झालं, तू पटवलंस त्यांना." तेव्हापासून हा 'पटवणं' शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. आपण मुद्दाही पटवतो आणि माणूसही पटवतो. क्रियापद एकच, पण त्या दिवशी मी यातलं नेमकं काय केलं होतं?

जे केलं ते आधी सांगतो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की बाबांच्या वयात आणि प्रकृतीत या ऑपरेशनमध्ये शंभरातले चार जण दगावतात. ऑपरेशन टाळून औषधांवर राहायचा पर्यायही होता. त्यात लगेच धोका नव्हता, पण पुढची वर्षं कमी मिळण्याची शक्यता होती. घरी येऊन मी बाबांना म्हणालो, "शंभरातले शहाण्णव जण व्यवस्थित घरी जातात." बोलायला वेळ निवडली ती संध्याकाळची, कारण दिवसभराच्या तपासण्यांनी ते थकलेले असणार आणि फार वाद घालणार नाहीत हे मला माहीत होतं. त्यांच्या ज्या मित्राचं हेच ऑपरेशन छान झालं, त्याची गोष्ट रंगवून सांगितली. दुसऱ्या मित्राला सावरायला सात-आठ महिने लागले होते, त्याचं नावही काढलं नाही.

यात एक शब्दही खोटा नव्हता. हेतू तर चांगलाच होता, मला बाबा हवे होते. बाबा "बरं" म्हणाले.

रात्री ताईला फोनवर हे सगळं सांगितलं, थोडं अभिमानानेच. ती जरा थांबून म्हणाली, "आत्ता मला जे सांगितलंस, ते बाबांना सांगू शकशील? शहाण्णव का म्हणालास, संध्याकाळ का निवडलीस, सगळं?" मला उत्तर देता आलं नाही.

तो आकड्यांचा प्रकार किती जोरकस असतो हे मला माहीत होतं, म्हणूनच मी तो वापरला. 1982 मध्ये मॅकनील, पॉकर, सॉक्स आणि ट्वेर्स्की या संशोधकांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी लोकांना सांगितलं, समजा तुम्हाला फुप्फुसाचा कॅन्सर आहे. शस्त्रक्रिया हवी की रेडिएशन? शस्त्रक्रियेत शंभरातले 90 जण वाचतात आणि पाच वर्षांनी 34 जण हयात असतात. रेडिएशनमध्ये उपचारादरम्यान कुणीच दगावत नाही, पण पाच वर्षांनी हयात असतात ते 22. काहींना हे आकडे 'किती वाचतात' या भाषेत दिले, काहींना 'किती दगावतात' या भाषेत. म्हणजे एकाला "90 वाचतात", दुसऱ्याला "10 दगावतात". माहिती तीच, तरी मृत्यूची भाषा ऐकलेल्यांमध्ये रेडिएशन निवडणारे बरेच जास्त निघाले. विचारलेल्यांमध्ये डॉक्टरही होते आणि तेही तितकेच हलले.

यावर लगेच कुणी म्हणेल की आकडा कुठल्या तरी भाषेत सांगावाच लागतो, पूर्ण तटस्थ वाक्य आणायचं कुठून? खरं आहे. पण उपाय साधा होता. "शहाण्णव वाचतात, चार दगावतात" असं एका दमात म्हणता आलं असतं. मी ते म्हणालो नाही, कारण ते म्हटल्यावर बाबा विचारात पडले असते आणि मला नेमकं तेच नको होतं.

माझ्या मते चूक इथे आहे. खोटं बोलणं ही एक वेगळी चूक, ती मी केली नव्हती. शहाण्णव हा आकडा मी निवडला तो बाबांना परिस्थिती नीट कळावी म्हणून नाही, तर तो चालेल म्हणून. उद्या एखादी अफवा जास्त चालली असती तर? मी ती सांगितली नसती, अशी आशा आहे. पण त्या संध्याकाळी माझी निवडीची कसोटी 'खरं काय' ही नव्हतीच, 'लागू काय पडेल' ही होती. खरं हाताशी होतं म्हणून खरं वापरलं, इतकंच.

ताईचा प्रश्न जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या एका मुद्द्याच्या जवळ जातो. 1785 मध्ये त्याने खोट्या वचनाबद्दल लिहिलं की ज्याला मी असं फसवून वापरतो, तो माझ्या त्या वागण्याला संमती देऊच शकत नाही. कळलं की डाव मोडला. मुद्दा पटवताना याच्या उलट असतं. मी काय करतोय हे समोरच्याला पूर्ण कळलं तरी मुद्द्याचं वजन कमी होत नाही.

तरी ताईची कसोटी सगळीकडे पुरत नाही. "तुम्ही ऐकलं नाहीत तर मी या घरात पाऊल ठेवणार नाही" असं एखादा मुलगा बापाला म्हणतो, तेव्हा काहीही लपलेलं नसतं. बापाला डाव स्वच्छ दिसतो आणि तरीही तो लागू पडतो. इथे मला रॉबर्ट नॉगल या तत्त्वज्ञाची 1996 मधली मांडणी जास्त उपयोगी वाटते. तो म्हणतो, माणसाचे विश्वास, इच्छा आणि भावना ही जणू यंत्राच्या तीन दांड्यांसारखी असतात; ती योग्य जागेवरून जाणूनबुजून हलवणं म्हणजे मॅनिप्युलेशन. योग्य जागा कोणती, हे हलवणाऱ्याच्या स्वतःच्या समजुतीवरून ठरवायचं. म्हणजे मला खरोखरच प्रचंड भीती वाटत असेल आणि मी ती बाबांना सांगितली, तर माझा अंदाज चुकला तरी मी त्यांना खेळवलेलं नाही. पण धोका बेताचा आहे हे ठाऊक असून मी त्यांना घाबरवलं, किंवा त्यांचा काही दोष नसताना त्यांना अपराधी वाटायला लावलं, तर ते उघडपणे केलं तरी वाईटच. म्हणून भावनेला हात घातला की ते मॅनिप्युलेशनच, हे मला मान्य नाही. "बाबा, मला तुमच्यासाठी भीती वाटते" हे वाक्य खरं होतं, त्या प्रसंगाला साजेसं होतं. नेमकं तेच मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ते ताजेतवाने असताना, मी त्यांना सगळं सांगितलं. चार दगावतात हे सांगितलं, दुसऱ्या मित्राचं सांगितलं, संध्याकाळ मुद्दाम निवडली होती तेही सांगितलं. ते रागावतील अशी माझी तयारी होती. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मरायची भीती नाही रे मला. अंथरुणात किती दिवस? संडासला कुणाच्या आधाराने जावं लागेल का?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. दोन आठवडे मी मृत्यूच्या आकड्याची मांडणी करत बसलो होतो आणि त्यांचा निर्णय भलत्याच गोष्टीवर अडला होता. त्यांना तयार करायच्या नादात मी त्यांना काही विचारलंच नव्हतं. पटवून झाल्यावर विचारायची गरज उरत नाही, आणि म्हणून ज्याच्या भल्यासाठी हे सगळं चाललंय, त्याचं भलं कशात आहे हेसुद्धा आपल्याला कळत नाही. हेतू चांगला होता, हा माझा बचाव तिथेच लंगडा पडला.

बाबांनी त्या दुसऱ्या मित्राचा नंबर मागितला. फोन लावून दिला आणि मी बाहेर जाऊन बसलो. पाऊण तास बोलत होते. मधे दोनदा त्यांचा हसण्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, "करू या ऑपरेशन. पण लगेच नाही. आधी डॉक्टरांना मला स्वतःला भेटायचंय, तू बाहेर थांब."