सीसॅट मेला म्हणे! त्या सीईएसवाल्या फॉरवर्डला उत्तर

"सपोर्टवाल्यांनो, सीसॅट मेलाय! हार्वर्डनेच सिद्ध केलंय. १) कष्ट कमी पडले की ९४ टक्के ग्राहक परत खरेदी करतातच. २) म्हणून सीसॅट आजच बंद करा, प्रत्येक चॅट-कॉलनंतर फक्त सीईएस विचारा. ३) एजंटचा इन्सेंटिव्ह सीईएसला जोडा, एजंट आपोआप सुधारतील. ४) सीईएस जितका कमी तितकं भारी, एवढं लक्षात ठेवा. पुढे पाठवा."

लिंक्डइनवर हे दिसलं होतं तेव्हा मी सरळ खाली स्क्रोल केलं होतं. पण आता ते माझ्या धाकट्या भावाच्या ऑफिस ग्रुपवर आलंय, टाकणारा त्याचा मॅनेजर, आणि भाऊ चॅट सपोर्टचा टीम लीड, त्याला सांगितलंय की पुढच्या महिन्यापासून तिसरा मुद्दा लागू करायचाय, तयारीला लाग. "ताई, यात काही गडबड आहे का गं?" असं विचारतोय. अरे बाबा, चारातले तीन मुद्दे गडबड आहेत आणि उरलेला अर्धवट खरा आहे. मी सपोर्ट ऑपरेशन्समध्येच काम करते, त्यामुळे एकदाच नीट लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी पटकन: सीसॅट म्हणजे चॅट संपल्यावर "तुमचं किती समाधान झालं" म्हणून पाच स्टार येतात ते, त्यातले ४ आणि ५ देणारे किती टक्के, तो आकडा. सीईएस म्हणजे कस्टमर एफर्ट स्कोअर, काम करून घ्यायला ग्राहकाला किती खटपट करावी लागली ते.

पहिला मुद्दा. हा अर्धवट खरा. ९४ हा आकडा हवेतून आलेला नाही. २०१० च्या जुलै-ऑगस्टच्या हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये डिक्सन, फ्रीमन आणि टोमन या तिघांचा लेख आला होता, त्यातला आहे. पण अभ्यास हार्वर्डचा नाही, कॉर्पोरेट एक्झिक्युटिव्ह बोर्ड नावाच्या कंपनीचा, हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूने फक्त लेख छापला. ७५,००० हून जास्त ग्राहकांना विचारलं होतं, आणि ज्यांना कमी खटपट पडली त्यांच्यातल्या ९४ टक्क्यांनी *सांगितलं* की आम्ही परत घेऊ. सांगितलं! घेतलं का, ते कुणी बिलं काढून बघितलं नाही. लग्नात भेटलेले सगळे "येतो एकदा घरी" म्हणतात, किती येतात? फॉरवर्डवाल्याने त्या "घेऊ"चं "घेतातच" करून टाकलं.

तरी, नाइलाजाने का होईना, कबूल करते की त्या लेखाचा गाभा दमदार आहे. त्यातच आहे की "समाधानी आहोत" म्हणणाऱ्यांपैकी २० टक्के लोक कंपनी सोडायच्या विचारात होते, आणि ज्यांना जास्त खटपट करावी लागली त्यांच्यातले ८१ टक्के चारचौघात कंपनीबद्दल वाईट बोलणार होते. म्हणजे सपोर्टच्या बाबतीत लोकांना खूश करून बांधून ठेवण्यापेक्षा त्यांना वैताग न देणं जास्त महत्त्वाचं, हे म्हणणं पटतं. पण हे सगळं सपोर्टशी आलेल्या संबंधाबद्दल आहे. त्यावरून सीसॅट मेला असं निघत नाही.

दुसरा मुद्दा. इथे एक केसच घेऊ, मनानेच रचलेली आहे पण सपोर्टमध्ये बसलेला कुणीही ओळखेल. पेमेंट दोनदा कापलं गेलंय. बाई अॅपमध्ये जाते, बॉट तिला ऑर्डर नंबर विचारतो, ती देते. बॉट एजंटकडे देतो, एजंट परत ऑर्डर नंबर विचारते कारण बॉटमधलं तिच्या स्क्रीनवर येतच नाही. मग कळतं की हे पेमेंट टीमचं काम, चॅट ट्रान्सफर. तिसऱ्यांदा तीच कथा. मग "मॅडम, बँक स्टेटमेंटचा स्क्रीनशॉट ईमेल करा", कारण चॅटमध्ये फाइल घ्यायची सोयच नाही. शेवटी पैसे परत मिळणार असं ठरतं, आणि शेवटची एजंट इतकी गोड बोललेली असते की बाई सीसॅटला ५ देते. तिलाच जर विचारलं की "कंपनीने माझं काम सोपं केलं, किती सहमत?" तर सातपैकी २ देईल. दोन्ही उत्तरं खरी आहेत, तीच बाई, तोच चॅट.

आता उलटी केस. एकाने रिटर्नची मुदत संपल्यावर चार दिवसांनी विचारलं, एजंटने एका मिनिटात सांगितलं, नाही होणार, नियम हा आहे. काही शोधावं लागलं नाही, ट्रान्सफर नाही, परत कॉल नाही. सीईएस ७ पैकी ६ येऊ शकतो आणि सीसॅट १. फक्त सीईएस बघणाऱ्याला वाटेल काय मस्त चाललंय, आणि खाली लोक रिटर्नच्या नियमावरून शिव्या घालतायत.

म्हणून कुठला स्कोअर लावायचा हे "कुठला मेला" यावर ठरत नाही, आकडा आल्यावर तुम्ही काय बदलणार आहात यावर ठरतं. पहिल्या केसमध्ये दुरुस्ती म्हणजे बॉटमधला ऑर्डर नंबर एजंटच्या स्क्रीनवर पोचवणं आणि चॅटमध्ये फाइल घेता येणं. ते काम प्रॉडक्ट टीमकडे घेऊन जायचं तर सीईएस हवा, तोही सगळ्यांची एक सरासरी काढून नाही तर तक्रारीच्या कारणानुसार तुकडे पाडून: डबल पेमेंटचे वेगळे, पत्ता बदलायचे वेगळे, आणि १ ते ३ देणारे किती ते बघायचं. त्याखाली "काय अवघड गेलं?" एवढा एकच उघडा प्रश्न, आकड्यापेक्षा तोच जास्त कामाला येतो. आणि लोकांना मिळालेला निकाल पटला का, आपला माणूस नीट वागला का, नियमावर राग आहे का, हे कळायला सीसॅटच लागतो. दोन्ही हवेत तर निम्म्यांना हा, निम्म्यांना तो पाठवा, एकाच माणसाच्या डोक्यावर पाच प्रश्न मारू नका.

आणि कधी विचारता तेही बघा. त्या बाईचा रिफंड यायला सात दिवस आहेत आणि सर्व्हे चॅट बंद होताच जातो. नवव्या दिवशी पैसे आले नाहीत म्हणून ती परत कॉल करते, तोपर्यंत तिचे ५ स्टार रिपोर्टमध्ये जाऊन मॅनेजरच्या प्रेझेंटेशनमध्ये हिरवे झालेले असतात. खटपट मोजायची तर काम खरंच संपल्यावर मोजा.

तिसरा मुद्दा. खरा राग इथे आहे, कारण यात लोकांच्या पगाराला हात घातलाय.

वरच्या केसमध्ये बाईला जी खटपट झाली त्यातली शेवटच्या एजंटच्या हातात किती होती? बॉट तिने बनवला नाही, स्क्रीन तिने बनवली नाही, ट्रान्सफरचा नियम तिचा नाही. पण सर्व्हे जातो तिच्या नावावर, कारण चॅट तिने बंद केला. म्हणजे सगळ्यात अवघड गुंते जिच्याकडे येतात तिचाच स्कोअर सगळ्यात वाईट. पहिल्या स्तरावर बसून "तुमची ऑर्डर उद्या येईल" सांगणाऱ्याचा सगळ्यात छान. हे दोन महिने चालू द्या, टीममधला जो खरंच हुशार आहे तो अवघड तिकीट उचलणंच बंद करेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

यावर कुणीतरी येऊन म्हणेल की त्याच डिक्सन मंडळींच्या २०१३ च्या पुस्तकात लिहिलंय की ग्राहकाला जाणवणाऱ्या खटपटीत प्रत्यक्ष कराव्या लागलेल्या गोष्टींचा वाटा सुमारे एक तृतीयांशच, बाकी दोन तृतीयांश ती त्याला कशी वाटली यावर, मग एजंटच्या बोलण्याने फरक पडतो ना? पडतो, मान्य. एजंट पुढचा प्रश्न आधीच ओळखून सांगू शकतो. त्या २०१० च्या लेखात बेल कॅनडाचं उदाहरण आहे, एक विशिष्ट सुविधा घेणारे लोक ती वापरायची कशी म्हणून परत फोन करायचे, तर फोन ठेवण्याआधीच तिथले एजंट थोडक्यात शिकवायला लागले. हे ट्रेनिंगचं काम आहे. शिकवा ना. त्यासाठी पगार कापायची गरज काय?

आणि हिशोब करून बघा जरा. समजा एका एजंटला महिन्यात १२ सर्व्हे उत्तरं आली. सर्व्हे भरतं कोण, बहुतेक जण बंदच करतात, तेव्हा आकडा लहानच राहतो. त्यातल्या एका माणसाने ७ ऐवजी १ दिला तर सरासरी अर्ध्या पॉइंटने खाली येते. एक माणूस! त्याचा कदाचित कुरिअरवाल्याशी वाद झाला असेल. इन्सेंटिव्हचे स्लॅब ०.२ आणि ०.३ च्या फरकावर ठेवले, तर पगार मटक्याच्या आकड्यासारखा लागणार.

मग एजंट काय करतात तेही सांगते. चिडलेल्या ग्राहकाचं तिकीट असं बंद करतात की सर्व्हे जातच नाही, "स्पॅम" टाकतात, नाहीतर दुसऱ्या रांगेत ढकलतात. गोड ग्राहकाला म्हणतात, "सर एक मेसेज येईल, प्लीज सात द्या, माझ्या रेटिंगवर आहे." हे घडतंय का ते ओळखायचं असेल तर दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा: स्कोअर वर चाललाय आणि त्याच वेळी सात दिवसांत त्याच कारणासाठी परत येणारे लोक कमी होत नाहीत, किंवा सर्व्हे न गेलेल्या तिकिटांचं प्रमाण वाढतंय. मग समजायचं, सुधारलंय ते रेटिंग मागणं.

एजंटला मोजायचंच असेल तर त्याच्या हातातलं मोजा. त्याचे काही चॅट टीम लीडने स्वतः वाचायचे, माहिती बरोबर दिली का, विनाकारण ट्रान्सफर केलं का, पुढे काय होणार ते सांगितलं का. कंटाळवाणं आहे, वेळ जातो, पण भाऊ, तुझा पगार त्यासाठीच आहे.

चौथा मुद्दा. हे वाचून मी कपाळावर हात मारला. २०१० चा जो मूळ प्रश्न होता, "तुम्हाला स्वतःला किती कष्ट घ्यावे लागले", त्यात १ म्हणजे अगदी कमी आणि ५ म्हणजे खूप, तिथे कमी आकडा चांगला होता. पुढे २०१३ मध्ये त्यांनीच तो प्रश्न बदलला, "कंपनीने माझं काम सोपं केलं", १ ते ७, सहमत-असहमत, म्हणजे जास्त आकडा चांगला. भावाच्या टूलमध्ये हा नवाच प्रश्न आहे, मी त्याला स्क्रीनशॉट पाठवायला सांगून खात्री केली. आता त्यावर "कमी तितकं भारी" लावलं तर टीम सगळ्यात वैतागलेल्या ग्राहकांवर केक कापणार.

तुमच्याकडे कुठला प्रश्न आहे हे डॅशबोर्डच्या हिरव्या-लाल रंगावरून ठरवू नका, ते रंग कुणीतरी सेटिंगमध्ये उलटे करून ठेवलेले असू शकतात. ग्राहकाला जो मेसेज जातो तो स्वतःच्या फोनवर मागवून वाचा, आणि मग सगळ्यात मोठा आकडा देणाऱ्या वीसेक लोकांनी खाली काय लिहिलंय ते बघा. तिथे "तीन वेळा तेच सांगितलं" असं दिसलं, तर एकतर तुमचा स्केल उलटा वाचला जातोय, नाहीतर ग्राहक १ म्हणजे पहिला नंबर असं समजून आकडे देतायत, आणि मग प्रत्येक आकड्याखाली "अगदी असहमत", "अगदी सहमत" असे शब्दच लिहावे लागतील.