तिमाही व्याजातून महिन्याचा पगार कसा काढायचा

सोलापुरात निवृत्तीची रक्कम हातात पडली की बहुतेक घरांत एकच वाद रंगतो. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकायची की बँकेत मुदत ठेव करायची? मुलगा म्हणतो, "बाबा, पोस्टाचा दर जास्त आहे." आई म्हणते, "पण ते व्याज तीन महिन्यांनी देतात, दूधवाला थांबतो का तीन महिने?" माझ्या मते आईचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, आणि तो सुटण्यासारखा आहे.

समजा हातात 25 लाख आहेत, साठी झालेली आहे आणि महिन्याला साधारण 16 हजार हवेत. ज्येष्ठ नागरिक योजनेचा दर एप्रिल 2023 पासून 8.2 टक्के आहे. सरकार दर तिमाहीला दर ठरवतं, म्हणून टाकण्याआधी काउंटरवर विचारून घ्या. तुम्ही खातं उघडता त्या दिवशीचा दर मात्र पुढची पाचही वर्षं तोच राहतो. 20 लाख टाकले तर तिमाहीला 41,000 रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे 13,667.

आता लोक इथं एक युक्ती करतात आणि फसतात. बँकेच्या तिमाही व्याजाच्या ठेवी तीन वेगवेगळ्या महिन्यांत केल्या की दर महिन्याला एकीचं व्याज येतं. तेच या योजनेत करायला जातात: एक खातं सप्टेंबरमध्ये, दुसरं ऑक्टोबरमध्ये, तिसरं नोव्हेंबरमध्ये. पण इथं तिमाही तुमच्या तारखेपासून मोजत नाहीत. कधीही टाका, व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या सुरुवातीलाच येणार. तिन्ही खात्यांचं एकदम. शिवाय पहिला हप्ता अर्धवट असतो. 10 नोव्हेंबरला 20 लाख टाकले तर जानेवारीत फक्त 52 दिवसांचे, सुमारे 23 हजारच पडतात, आणि मग घरात "पोस्टानं कमी दिले" असा गोंधळ सुरू होतो.

उपाय सोपा आहे. व्याज ज्या बचत खात्यात पडतं ते खर्चाचं खातं ठेवू नका. तिथून दर महिन्याच्या 5 तारखेला 13,500 रुपये खर्चाच्या खात्यात वळते करण्याची स्थायी सूचना बँकेत देऊन टाका. 1 तारखेची देऊ नका, कारण एप्रिलच्या पहिल्या दिवशी बँका वार्षिक हिशोबासाठी बंद असतात आणि पैसे नसले की सूचना परत जाते. सुरुवातीला एक महिन्याची रक्कम जास्तीची टाकून ठेवा. हे सगळं एकाच ठिकाणी व्हावं म्हणून खातं पोस्टाऐवजी अधिकृत बँकेच्या शाखेतच उघडलेलं बरं, दर तोच मिळतो. आणि जानेवारीचा हप्ता गड्ड्याच्या जत्रेच्या तोंडावर येतो, तेव्हा नातवंडांसमोर 41 हजार एकदम दिसू देऊ नका!

उरलेले 5 लाख बँकेच्या मुदत ठेवीत, मासिक व्याजावर. समजा दर 7 टक्के. हिशोबानं महिन्याला 2,917 यायला हवेत, पण येतात 2,900. बँक तिमाहीचं व्याज महिन्याला आगाऊ देते, म्हणून थोडं कापून देते. चूक नाही ती, पण पासबुकावर दिसली की भांडण होतं. दोन्ही मिळून 16 हजारांच्या वर जातात.

हे 5 लाख दर कमी असूनही का ठेवायचे? ज्येष्ठ योजनेतून थोडे पैसे काढता येत नाहीत, खातं बंदच करावं लागतं. पहिल्या वर्षात बंद केलं तर दिलेलं व्याज परत कापून घेतात. दुसऱ्या वर्षात मुद्दलाच्या दीड टक्के, त्यानंतर पाच वर्षं होईपर्यंत एक टक्का. 20 लाखांच्या एकाच खात्यावर दुसऱ्या वर्षी 30,000 गेले, तेही दवाखान्याला फक्त 2 लाख हवे असताना. म्हणून 20 लाख एकत्र न टाकता 8, 7 आणि 5 असे तीन खात्यांत टाका. बँक ठेव मात्र एक-एक लाखाच्या पावत्यांत करा. ती मोडली तर दंड व्याजाच्या दरावर लागतो, मुद्दलावर नाही; आधी जास्त दिलेलं व्याज मात्र परत कापून घेतात. तिच्यावर कर्जही मिळतं.

बँकेतल्या ठेवीला एका बँकेत 5 लाखांपर्यंत ठेव विमा असतो, व्याज धरून. त्यामुळे सहकारी बँकेत ठेवत असाल तर 5 लाखांच्या थोडं आतच थांबा. पतसंस्थेला हा विमाच नाही, मग ती कितीही जास्त दर देवो.

एक राहिलं. पाच वर्षं झाली की खातं आपोआप पुढे जात नाही. फॉर्म भरून तीन वर्षांची मुदतवाढ घ्यायची असते, तीही मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत. नाहीतर रकमेवर मुदत संपल्यापासून साध्या बचत खात्याचाच दर मिळत राहतो. त्या तारखेची चिठ्ठी पासबुकाला आत्ताच लावून ठेवा.