खुलासा: ल्युसर्नचा ‘एआय येशू’ पापक्षमा देत नव्हता

‘स्वित्झर्लंडच्या चर्चमध्ये आता एआय येशू कबुली ऐकून पापक्षमा देतो.’

हा मेसेज दिशाभूल करणारा आहे. ल्युसर्नच्या सेंट पीटर चॅपेलमधला एआय येशूशी संवादाचा तो प्रयोग 2024 मध्ये काही आठवडेच चालला. एआय येशू दिसणारा संगणकाचा पडदा कबुलीकक्षात बसवला होता, गैरसमज तिथूनच झाला. ती जागा निवांत संवादासाठी निवडली होती. वैयक्तिक माहिती सांगू नका, अशी सूचना आधीच दिली जायची. खऱ्या कबुलीत ती निरर्थक ठरली असती.

शिवाय 1983 च्या कॅथलिक धर्मसंहितेतील कलम 965 प्रमाणे पापक्षमेचा संस्कार फक्त धर्मगुरूच देऊ शकतो. यंत्राने क्षमेचे शब्द अचूक उच्चारले, तरी पापक्षमा होत नाही. यंत्राशी धार्मिक संवाद साधावा का, हा वाद मात्र खरा आहे. कृपया हा मेसेज पुढे पाठवू नका.