शाळेच्या बॅटऱ्या आणि 48 चा आकडा

"शाळेच्या सोलर बॅटऱ्यांत दर महिन्याला काठोकाठ पाणी भरा, आरओचं चालतं. बॅकअप घटला की थोडं ॲसिड घाला. इन्व्हर्टरवर 48 दिसतंय तोवर बॅटऱ्या उत्तम."

हे सगळं चुकीचं आहे, आणि त्यात ॲसिडचा सल्ला सगळ्यात घातक. चार्जिंगमध्ये उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. बॅकअप घटतो तेव्हा त्यातलं बरंचसं प्लेटांवर सल्फेट होऊन बसलेलं असतं. वरून आणखी ओतलं की द्रवाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा चढतो, पण प्लेटा लवकर झिजतात.

आरओच्या पाण्यात थोडे तरी क्षार उरतात आणि ते आत साचत जातात, म्हणून डिस्टिल्ड वॉटरच घाला. तेही पूर्ण चार्ज झाल्यावर आणि फ्लोटच्या वरच्या खुणेपर्यंतच, कारण चार्ज होताना द्रव फुगतो आणि काठोकाठ भरलेल्या बॅटरीतून ॲसिड बाहेर येतं. प्लेटा उघड्या दिसल्या तर मात्र आधी त्या बुडतील एवढंच पाणी घालून चार्ज करा. आणि महिन्याचा नियम मे महिन्यात पुरत नाही. शाळा बंद असते, पॅनल चालू असतं, पाणी झपाट्याने उतरतं. सुट्टीत दर पंधरा दिवसांनी कुणीतरी कुलूप उघडून पाहायलाच हवं.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर आला तर सिस्टिम बंद करून, झाकणं घट्ट लावून, खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा. सोड्याचा थेंबही आत जाता कामा नये. कोरडं करून व्हॅसलीन लावा. खंडेनवमीला बॅटऱ्यांपुढे उदबत्ती लावू नका, तिथे हायड्रोजन असतो.

आता तो 48. एका शाळेत 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये होत्या. सकाळी ऊन येण्याआधी, लोड बंद ठेवून इन्व्हर्टरवर 47.9 दिसत होते. प्रत्येक बॅटरी वेगळी मोजली, तर तीन 12.5 आणि चौथी 10.4. चौथीच्या पाच सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे हायड्रोमीटरचा आकडा, 1240, सहाव्याची जेमतेम 1110. तो सेल आतून शॉर्ट झाला होता. चार्जर मात्र चौघींचं व्होल्टेज देतच होता, त्यामुळे उरलेल्या तिघी ओव्हरचार्ज होऊन पाणी पीत होत्या. गुरुजींच्या वहीत "पाणी जास्त लागतंय" ही नोंद तीन महिने होती, शेजारी प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज असतं तर दोष तेव्हाच सापडला असता.

म्हणून महिन्यातून एकदा चारही व्होल्टेज आणि प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी लिहा. पाणी घातल्या घातल्या ग्रॅव्हिटी घेऊ नका, वर पाणीच राहतं आणि आकडा खोटा येतो. एखादा सेल इतरांपेक्षा 30 अंकांनी मागे असेल तर इक्वलायझिंग चार्ज, म्हणजे सगळे सेल सारखे करणारा जादा चार्ज, द्या. त्यानंतरही 50 चा फरक राहिला तर ती बॅटरी बदलायची. बाकीच्या वर्षा-दीड वर्षाच्या असतील तर एकटी बदलली तरी चालते. पाच वर्षांच्या असतील तर पूर्ण संच घ्या, जुन्या तिघींबरोबर नवीही लवकर खराब होते.