शेवटचे बारा महिने एकटे काय सांगतात?

दावा: «पूर्वानुमानाचे मॉडेल तपासायला एक ट्रेन-टेस्ट स्प्लिट पुरेसा असतो. शेवटचे बारा महिने बाजूला ठेवा, उरलेल्यावर मॉडेल बसवा, ज्याची चूक कमी ते निवडा. शेवटचा काळच भविष्याला सर्वात जवळचा असतो. बारा महिने म्हणजे बारा निरीक्षणे, तेवढी खूप झाली. रोलिंग ओरिजिनमध्ये जुन्या ओरिजिनला मॉडेलला डेटाच अपुरा मिळतो आणि संगणकाचा वेळ मात्र दहापट जातो.»

प्रतिवाद: हा वाद सर्वसाधारण विधानांनी मिटत नाही, म्हणून एक अशी मालिका घेऊ जी या विषयाचा अभ्यास करणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी उघडलेली असते. आर या संगणकभाषेत `AirPassengers` नावाने मिळणाऱ्या या मालिकेत आंतरराष्ट्रीय विमानप्रवाशांची जानेवारी १९४९ ते डिसेंबर १९६० अशी १४४ महिन्यांची संख्या, हजारांत, दिलेली आहे. तिच्यावर मुद्दाम दोन अगदी साध्या पद्धती लावू, म्हणजे वाचकाला सगळा हिशेब कागदावरही पडताळता येईल. पहिली पद्धत अशी की पुढच्या वर्षीच्या प्रत्येक महिन्याचा अंदाज म्हणजे सरत्या वर्षीच्या त्याच महिन्याचा आकडा. हिला «जैसे थे» म्हणू. दुसरी पद्धत तोच आकडा घेते, पण सरत्या वर्षाची एकूण संख्या आधीच्या वर्षाच्या किती पट होती त्या गुणोत्तराने तो गुणते. हिला «वाढीव» म्हणू.

ओरिजिन म्हणजे ज्या क्षणी उभे राहून आपण पुढचे सांगतो तो क्षण, आणि तो टप्प्याटप्प्याने पुढे सरकवत दरवेळी चूक मोजणे म्हणजे रोलिंग ओरिजिन. डिसेंबर १९५० पासून डिसेंबर १९५९ पर्यंतच्या प्रत्येक डिसेंबरला उभे राहून, फक्त तोवरचाच डेटा पाहून, पुढचे बारा महिने सांगितले तर सरासरी निरपेक्ष चूक अशी येते (आकडे हजारांत):

| तपासणीचे वर्ष | जैसे थे | वाढीव |
|---|---|---|
| १९५१ | ३०.५ | १६.२ |
| १९५२ | २६.८ | १०.५ |
| १९५३ | २८.० | १२.३ |
| १९५४ | १६.८ | १८.१ |
| १९५५ | ४५.१ | ३०.३ |
| १९५६ | ४४.३ | ९.३ |
| १९५७ | ४०.२ | ११.० |
| १९५८ | १२.६ | ३२.५ |
| १९५९ | ४७.३ | ३४.३ |
| १९६० | ४७.८ | १३.४ |
| सरासरी | ३३.९ | १८.८ |

शेवटचा काळ सर्वात जवळचा, या मुद्द्याबद्दल. ऐकायला हा मुद्दा पटतो, आणि दाव्यातला सर्वात वजनदार मुद्दाही हाच आहे. आता डिसेंबर १९५८ मध्ये उभ्या असलेल्या विश्लेषकाचा विचार करा. त्याच्या हातातले शेवटचे बारा महिने म्हणजे १९५८ हे वर्ष. त्या एका स्प्लिटवर «जैसे थे»ची चूक १२.६ आणि «वाढीव»ची ३२.५, म्हणजे निकाल अगदी एकतर्फी. तो निःशंक मनाने «जैसे थे» निवडील, आणि पुढच्या वर्षी ४७.३ ची चूक पदरात घेईल. तिथे «वाढीव»ची चूक ३४.३ च राहिली असती. हे एकदाच घडले असते तर योगायोग म्हणून सोडून देता आले असते, पण चार वर्षांपूर्वी नेमके हेच झालेले दिसते: १९५४ च्या स्प्लिटवर «जैसे थे» थोडक्यात पुढे होती आणि १९५५ मध्ये ती ४५.१ विरुद्ध ३०.३ अशी मागे पडली. शेवटच्या वर्षाने «जैसे थे»ला कौल दिला असे या दहा वर्षांत दोनदाच झाले, आणि दोन्ही वेळा पुढच्याच वर्षी तो कौल खोटा ठरला.

कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. ही मालिका जवळजवळ दरवर्षी दहा टक्क्यांहून अधिक वाढते. १९५४ मध्ये मात्र ती सुमारे ६ टक्के आणि १९५८ मध्ये साडेतीन टक्क्यांच्या आसपासच वाढली. अमेरिकेतली जुलै १९५३ ते मे १९५४ आणि ऑगस्ट १९५७ ते एप्रिल १९५८ या दोन मंदींशी ही वर्षे जुळतात. मंद वर्षात «काहीच बदलणार नाही» म्हणणारी पद्धत जिंकणारच, पण ते त्या वर्षाचे वैशिष्ट्य आहे, पद्धतीचे नव्हे. डिसेंबर १९५८ मधल्या त्याच विश्लेषकाने तोवरच्या आठही ओरिजिनांची सरासरी पाहिली असती तर त्याला «जैसे थे» ३०.५ आणि «वाढीव» १७.५ असे दिसले असते, आणि एका वाईट वर्षामुळे त्याने चांगली पद्धत टाकून दिली नसती.

येथे एक मर्यादा मान्य केली पाहिजे. १९५८ ची मंद वाढ रोलिंग ओरिजिनलाही आधी दिसली नसती. ती मोजण्याची रीत आहे, भविष्य पाहण्याची नव्हे. मात्र «वाढीव» पद्धत नेमकी कुठे घसरते हे तिच्यामुळे कळते: मंद वर्षी ती जास्त सांगते, आणि त्याच्या पुढच्या वर्षी, मंद गुणोत्तरच पुढे रेटल्यामुळे, कमी सांगते. १९५४–५५ आणि १९५८–५९ या दोन्ही जोड्यांत हे स्पष्ट दिसते. त्यावरून सुधारणाही सुचते. १९५९ साठी एका वर्षाऐवजी मागच्या तीन वर्षांचा सरासरी वाढीचा दर वापरला असता तर वर्षाची एकूण संख्या सुमारे ५०४२ हजार सांगितली गेली असती. प्रत्यक्षात ती ५१४० हजार झाली आणि «वाढीव»ने ४७२८ हजार सांगितली होती. केवळ १९६० चा स्प्लिट पाहणाऱ्याला हा दोष दिसलाच नसता, कारण त्याच्या डोळ्यांसमोर १३.४ एवढाच आकडा असता, आणि तोच आकडा अहवालात «अपेक्षित चूक» म्हणून छापला गेला असता.

बारा निरीक्षणे खूप झाली, याबद्दल. ती बारा आहेत हे खरे, पण ती बारा वेगवेगळ्या साक्षीदारांसारखी नाहीत. एकाच ओरिजिनवरून केलेले बाराही अंदाज एकाच गुणोत्तरावर उभे असतात. ते गुणोत्तर चुकले की सगळे एकाच दिशेने चुकतात. «वाढीव» पद्धतीच्या दहा वर्षांपैकी पाच वर्षांत (१९५१, १९५५, १९५७, १९५८, १९५९) बाराच्या बारा चुका एकाच चिन्हाच्या आहेत. अशा वर्षात आपल्या हाती बारा नव्हे, जेमतेम एका पुराव्याइतकीच माहिती असते. तेव्हा बारा चुकांचे प्रमाणविचलन काढून त्यावर विश्वासार्हतेची पट्टी आखणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

याचीच दुसरी बाजू अंतराची. किती महिने पुढचे सांगताना किती चूक होते, हा प्रश्न साठा ठेवणाऱ्याला किंवा मनुष्यबळ ठरवणाऱ्याला रोज पडतो, आणि एका स्प्लिटमध्ये प्रत्येक अंतरासाठी एकच चूक मिळते. १९५४ चा स्प्लिट घ्या: एक महिना पुढच्या जानेवारीत «वाढीव»ची चूक १९.९, आणि बारा महिने पुढच्या डिसेंबरात ०.६. त्यावर विसंबायचे तर जितके दूरचे सांगावे तितके अचूक, असा निष्कर्ष निघेल. दहाही ओरिजिनांची सरासरी घेतली की जानेवारीची चूक १२.२ आणि डिसेंबरची २४.१ येते, आणि अपेक्षित चित्र परत दिसते. तरीही जपून, कारण आपले सगळे ओरिजिन डिसेंबरचेच असल्याने «एक महिना पुढे» आणि «जानेवारी» या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. त्या वेगळ्या करायच्या तर ओरिजिन दर महिन्याने पुढे सरकवावा लागतो.

जुन्या ओरिजिनला डेटा अपुरा, याबद्दल. या आक्षेपात तथ्य आहे, पण ते मॉडेलवर अवलंबून आहे. वरच्या दोन पद्धती शेवटच्या चोवीस महिन्यांपलीकडे पाहतच नाहीत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत आक्षेप लागू होत नाही. हंगामी अरिमासारखे अनेक गुणांक शोधणारे मॉडेल चोवीस महिन्यांवर बसवले तर मात्र ते डळमळेल, आणि ती चूक त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्यावर उपाय म्हणजे पहिला ओरिजिन पुढे ढकलणे, एकच ओरिजिन ठेवणे नव्हे. येथे फक्त शेवटची पाच वर्षे धरली तरी सरासरी ३८.४ आणि २०.१ येते, क्रम बदलत नाही.

सरासरी घेताना एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. १९५१ मध्ये महिन्याची सरासरी १७० हजार होती, १९६० मध्ये ४७६ हजार. हजारांत मोजलेल्या चुकांची सरासरी काढली की अलीकडच्या वर्षांना आपोआप जास्त वजन मिळते. प्रत्येक चूक त्या वर्षाच्या पातळीने भागून घेतली तर तुलना समतोल होते.

वेळ दहापट, याबद्दल. एकदा बसवायलाच तासन्‌तास घेणाऱ्या मॉडेलसाठी ही खरी अडचण आहे, आणि तिथे चार-पाच ओरिजिनांवर भागवावे. एरवी सगळे काम एवढेच आहे (`y` ही १४४ आकड्यांची नमपाय मालिका):

```python
from sklearn.model_selection import TimeSeriesSplit

tss = TimeSeriesSplit(n_splits=10, test_size=12)
for train, test in tss.split(y):
    a = y[train[-12:]]
    b = a * a.sum() / y[train[-24:-12]].sum()
    print(abs(y[test] - a).mean(), abs(y[test] - b).mean())
```

यातली कळीची ओळ गुणोत्तराची आहे, आणि ती फेऱ्याच्या आत आहे. हंगामी निर्देशांक, प्रमाणीकरण किंवा मॉडेलचे गुणांक फेऱ्याबाहेर, पूर्ण मालिकेवर एकदाच काढले तर भविष्य मागच्या दाराने आत येते आणि दहा काय, शंभर ओरिजिनही ते लपवतात. अशी गळती ओळखण्याची साधी युक्ती म्हणजे एका ओरिजिननंतरचे सगळे आकडे मुद्दाम बदलून पाहणे. त्या ओरिजिनचा अंदाज जरासुद्धा हलला तर कुठेतरी भोक आहे.

एकच ओरिजिन चालतो अशीही परिस्थिती असते. पूर्वानुमानाच्या पद्धतींची तुलना करणाऱ्या २०१८ च्या एम-४ स्पर्धेत प्रत्येक मालिकेचा शेवटचाच भाग तपासणीला ठेवला होता, पण तिथे मालिका १,००,००० होत्या आणि वैविध्य मालिकांच्या संख्येतून येत होते. दावा करणाऱ्यांच्या हाती बहुधा एकाच दुकानाची किंवा एकाच कारखान्याची एकच मालिका असते. आणि उलट दिशेने अतिरेकही करू नये. `AirPassengers` वर ओरिजिन दर महिन्याने सरकवला तर बारा महिन्यांच्या खिडकीचे १०९ ओरिजिन मिळतात. पण शेजारच्या दोन खिडक्यांत बारापैकी अकरा महिने सामाईक असतात. म्हणून त्या १०९ चुका स्वतंत्र धरून दोन मॉडेलांतल्या फरकाची सांख्यिकीय कसोटी लावली, तर क्षुल्लक फरकही ठाम वाटू लागतो.